इयत्ता चौथीच्या पालकांसाठी पत्र: झूम कसं टाकायचं, कॅमेरा कसा तपासायचा (तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न)

नमस्कार पालकहो,

पावसाळा आला, रेड अलर्ट लागला की जिल्हाधिकारी साहेब आदल्या रात्री सुट्टी जाहीर करतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपला वर्ग झूमवर भरतो. मग सकाळी साडेआठपासून ग्रुपवर मेसेज सुरू होतात, "बाई कॅमेरा काळा दिसतोय", "बाई आवाज येत नाही", आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं त्यातच जातात. तेच तेच प्रश्न सगळ्यांना पडतात म्हणून इथे एकत्र लिहिलेत. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा. पण प्रश्न ४ आणि ५ मात्र प्रत्येकाने वाचाच, आणि तेही सुट्टी जाहीर व्हायच्या आधी एखाद्या संध्याकाळी, मुलाला शेजारी बसवून.

१. प्ले स्टोअरवर झूम टाकलं की खूप ॲप दिसतात, त्यातलं नेमकं कुठलं घ्यायचं?

ॲपचं नाव Zoom Workplace असं आहे, निळ्या रंगाचं चिन्ह. आधी त्याला दुसरं नाव होतं म्हणून जुन्या फोनवर वेगळं दिसत असेल तर घाबरू नका, अपडेट केलं की नवीन नाव येतं. आयफोनवाल्यांनी ॲप स्टोअरवर हेच नाव शोधायचं. ॲप फुकट आहे, कुठेही पैसे भरायला सांगितलं तर तुम्ही चुकीच्या ठिकाणी आहात.

एक गोष्ट कळकळीने सांगते, व्हॉट्सॲपवर कोणी झूमची एपीके फाइल पाठवली तर ती उघडू नका, अगदी आपल्याच ग्रुपवर आली तरी. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यायचं. आणि शाळेकडून तुम्हाला कधीही ओटीपी विचारला जाणार नाही, की "मी इथून तुमचा फोन दुरुस्त करते, हे ॲप टाका" असंही कोणी सांगणार नाही. असा फोन आला तर कट करा आणि मला कळवा.

२. इन्स्टॉल होतच नाही, जागा नाही म्हणतंय. काय डिलीट करू?

बहुतेक फोनमध्ये जागा व्हॉट्सॲपच्या गुड मॉर्निंगच्या व्हिडिओंनी भरलेली असते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये Storage and data, त्यात Manage storage उघडा, ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल वेगळ्या काढून दाखवतो, त्यातलं नको ते काढा. मुलांचे फोटो घाईघाईत काढू नका, ते नंतर परत मिळत नाहीत. ॲप बसल्यावरही थोडी जागा मोकळी राहू द्या, कारण भरलेला फोन मीटिंगमध्ये अडकतो.

प्ले स्टोअर "हे तुमच्या फोनला चालणार नाही" असं म्हणत असेल तर फोनचं अँड्रॉइड फार जुनं आहे, मग जागा करून काही उपयोग नाही. घरातला दुसरा फोन बघा किंवा प्रश्न १२ मधला लॅपटॉपचा मार्ग बघा.

३. झूमचं अकाउंट काढावं लागेल का? मुलाच्या नावाने काढू का?

नाही, दोन्ही नको. आपल्या वर्गात यायला अकाउंट लागत नाही. ॲप उघडल्यावर Sign in आणि Sign up दिसतं, त्याकडे लक्ष देऊ नका, Join a meeting दाबायचं किंवा सरळ मी ग्रुपवर टाकलेली लिंक दाबायची. मुलाच्या नावाने तर अजिबात काढू नका, झूमच्या नियमानुसार १६ वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं अकाउंट काढता येत नाही.

नाव विचारलं की तिथे मुलाचा हजेरी क्रमांक आणि नाव लिहा, आधी क्रमांक. दारात कोण उभं आहे हे मला त्यावरूनच कळतं. फोनचं नाव किंवा नुसतं "मम्मी" असं आलं तर मी आत घेत नाही, कृपया राग मानू नका.

४. वर्ग नसताना कॅमेरा तपासायचा कसा? बाईंना फोन करावा लागेल का?

नाही लागणार, झूमने स्वतःच एक चाचणीची मीटिंग ठेवलेली आहे, दिवस-रात्र कधीही चालते आणि तिथे दुसरं कोणी नसतं. क्रोममध्ये वर पत्ता लिहायच्या जागी हे टाका:

```
zoom.us/test
```

पान उघडलं की Join दाबा. फोन विचारेल की झूममध्ये उघडू का, हो म्हणा. मग नाव विचारेल, नाव टाका. मग फोन कॅमेरा आणि माइकची परवानगी विचारेल, तिथे काय दाबायचं ते प्रश्न ५ मध्ये सविस्तर आहे, ते आधी वाचूनच पुढे जा.

आत गेलात की खाली किंवा वर एक पट्टी दिसते (दिसत नसेल तर स्क्रीनवर एकदा बोट टेकवा, ती आपोआप लपते). पट्टीतल्या कॅमेऱ्याच्या चिन्हावर लाल रेघ असेल तर कॅमेरा बंद आहे, ते दाबा. मुलाचा चेहरा दिसला म्हणजे कॅमेरा झाला. चेहऱ्याऐवजी भिंत किंवा पंखा दिसतोय म्हणजे मागचा कॅमेरा चालू आहे, वरच्या कोपऱ्यात गोल बाणांचं कॅमेऱ्याचं चिन्ह आहे ते दाबलं की पुढचा येतो.

आता माइक. माइकच्या चिन्हावरची लाल रेघ काढा आणि मुलाला पाढा म्हणायला लावा. बोलताना त्या चिन्हात हिरवा रंग वर-खाली होतो. झाला, म्हणजे आवाज जातोय. रंग हलत नसेल तर प्रश्न ८.

ही चाचणी त्याच फोनवर, त्याच जागी बसून आणि त्याच नेटवर करा जिथून मूल वर्गाला बसणार आहे. बाबांच्या फोनवर हॉलमध्ये वायफायवर तपासलं आणि सकाळी बाबा फोन घेऊन ड्युटीवर गेले, मूल आजीच्या फोनवर आतल्या खोलीत बसलं, तर त्या चाचणीचा काही उपयोग नाही.

५. ते Allow, Don't allow विचारतं तेव्हा काय दाबू? सगळ्याला हो म्हणायची भीती वाटते.

भीती बरोबर आहे, सगळ्याला हो म्हणायचंच नाही. फक्त दोन गोष्टींना हो म्हणा, कॅमेरा आणि माइक. कॅमेऱ्याच्या प्रश्नात take pictures and record video असे शब्द असतात, माइकच्या प्रश्नात record audio. कॉन्टॅक्ट, लोकेशन, फोन कॉल वगैरे विचारलं तर नाही म्हटलं तरी वर्ग चालतो. ब्लूटूथचा हेडफोन वापरणार असाल तरच Nearby devices ला हो म्हणा.

आता खरी मेख. कॅमेऱ्याच्या प्रश्नाला तीन पर्याय येतात: While using the app, Only this time आणि Don't allow. यातला सगळ्यात वरचा, While using the app, तोच दाबायचा. फोन मराठीत असेल तर शब्द मराठीत दिसतील पण क्रम हाच असतो. बरेच पालक काळजीपोटी मधला दाबतात, "फक्त एकदाच". संध्याकाळी चाचणी छान होते, पण ॲप बंद केल्यावर ती परवानगी संपते, आणि सकाळी फोन तोच प्रश्न परत विचारतो. तेव्हा समोर नऊ वर्षांचं मूल एकटं असतं, ते घाबरून Don't allow दाबतं आणि कॅमेरा बंद. असं दोनदा झालं की अँड्रॉइड प्रश्न विचारणंच सोडून देतो. मग मूल चिन्ह कितीही दाबू दे, काही होत नाही. मग सेटिंगमध्ये जाऊनच उघडावं लागतं (पुढचा प्रश्न बघा).

वरचा पर्याय दाबला म्हणजे झूम कायम कॅमेरा वापरेल असं नाही, ॲप समोर उघडं असतानाच वापरतो. नवीन फोनमध्ये कॅमेरा किंवा माइक चालू असला की वर उजव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो. वर्ग संपल्यावर तो गेला की नाही ते बघायची सवय मुलालाही लावा.

६. कॅमेरा चालू आहे पण सगळं काळं दिसतं. फोन बिघडला का?

बहुतेक वेळा फोन बिघडलेला नसतो. दुकानात न्यायच्या आधी या क्रमाने बघा, क्रम महत्त्वाचा आहे.

आधी झूम पूर्ण बंद करा आणि फोनचा नेहमीचा कॅमेरा उघडून सेल्फी लावा. मागचा कॅमेरा बघून उपयोग नाही, कारण वर्गात पुढचाच लागतो.

सेल्फी व्यवस्थित दिसली तर कॅमेरा चांगला आहे आणि अडचण झूमच्या परवानगीची आहे. फोनच्या Settings मध्ये Apps, त्यात Zoom Workplace, त्यात Permissions, त्यात Camera, आणि तिथे Allow only while using the app. आयफोनमध्ये सेटिंगमध्ये झूम शोधा आणि Camera चं बटन हिरवं करा, आयफोन हा प्रश्न एकदाच विचारतो. परवानगी आधीच दिलेली असेल तर बघा की दुसरं कोणी कॅमेरा धरून बसलंय का, म्हणजे व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल मागे चालू राहिलेला असतो. फोन एकदा बंद करून चालू केला की तेही सुटतं.

सेल्फीसुद्धा काळी आली तर वरून बोटाने पट्टी खाली ओढा, जिथे वायफाय, टॉर्च असतं तिथे. अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनमध्ये तिथे Camera access आणि Mic access अशी बटनं असतात. ते बंद असेल तर परवानगी दिलेली असूनही प्रत्येक ॲपला काळंच चित्र मिळतं. मागच्या पावसाळ्यात आपल्या वर्गातल्या एका आईचं असंच झालं होतं. त्यांनी झूम काढून परत टाकलं, परवानगी तीन ठिकाणी बघितली, फोन रिस्टार्ट केला, तरी काळंच. फोनवर मी त्यांना सेल्फी काढायला सांगितली तर तीही काळी, म्हणजे झूमचा संबंधच नव्हता. पट्टी खाली ओढली तर Camera access बंद, धाकट्याने खेळताना कधीतरी दाबलेलं. एक बटन दाबलं आणि चालू झालं, आणि त्या बिचाऱ्या दुपारी फोन दुकानात द्यायला निघाल्या होत्या.

ते बटनही चालू आहे आणि तरीही सेल्फी काळी, मग मात्र दुकानात दाखवा.

काळं नाही पण धुरकट दिसत असेल तर पुढच्या कॅमेऱ्यावरची काच पुसा, आणि नवीन टेम्पर्ड ग्लास नीट बसलीय का बघा.

७. गेल्या वर्षी सगळं नीट चाललं होतं, काहीच बदललं नाही, तरी यंदा कॅमेरा परवानगी मागतोय. असं कसं?

हे आपल्याच बाबतीत जास्त होतं कारण आपण झूम फक्त पावसाळ्यात उघडतो. अँड्रॉइड ११ पासून फोन असं करतो की एखादं ॲप काही महिने उघडलंच नाही तर त्याला दिलेल्या परवानग्या स्वतःहून काढून घेतो. तुमच्या सुरक्षेसाठीच आहे ते, पण ऑगस्टमध्ये दिलेली परवानगी पुढच्या जूनमध्ये शिल्लक नसते. म्हणून "गेल्या वर्षी तपासलं होतं" हे धरू नका, जूनमध्ये ॲप अपडेट करा आणि प्रश्न ४ ची चाचणी परत करा. झूमच्या Apps मधल्या पानावर खाली Pause app activity if unused किंवा तशाच अर्थाचं बटन असतं, ते बंद ठेवलं तर परवानगी टिकते. तरी जूनची चाचणी कराच.

८. चेहरा दिसतो पण बाईंचा आवाज येत नाही, फोनचा आवाज तर फुल आहे.

झूममध्ये चित्र आणि आवाज वेगवेगळे जोडले जातात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आत आल्यावर Wifi or Cellular Data असं विचारलं जातं, ते दाबायचंच. घाईत ते सोडून दिलं तर तुम्ही आवाजाशिवाय बसलेले असता. पट्टीत माइकच्या जागी हेडफोनचं चिन्ह आणि Join audio दिसत असेल तर हेच झालंय, ते दाबा आणि मग Wifi or Cellular Data.

तुम्ही लिंकऐवजी मीटिंग आयडी टाकून येत असाल तर नावाच्या खाली दोन बटनं असतात, Don't connect to audio आणि Turn off my video. ती दोन्ही बंद असली पाहिजेत. मुलं ती चालू करून ठेवतात आणि मग आत आल्यावर आवाजही नाही आणि चित्रही नाही.

घरात दोन फोन एकाच वर्गात असतील तर कर्कश शिट्टीसारखा आवाज येतो. एकाचा आवाज पूर्ण बंद करा.

९. लिंक दाबली तर नुसतं थांबा असं येतं, आणि कधी मध्येच सगळे बाहेर फेकले जातात.

थांबा येतं ती वेटिंग रूम, मी नाव बघून एकेकाला आत घेते, परत परत लिंक दाबू नका, तुम्ही पुन्हा रांगेत मागे जाता. मध्येच बाहेर पडणं म्हणजे ४० मिनिटं संपली. आपली मीटिंग झूमच्या फुकट खात्यावर आहे आणि तिला ४० मिनिटांची मर्यादा असते. थोडा वेळ थांबा, मुलांनी पाणी प्यावं, आणि तीच लिंक परत दाबा, मी तिथेच असते.

१०. मूल वही दाखवतं तेव्हा अक्षरं उलटी दिसतात, तुम्हाला वाचता येतात का?

येतात, अगदी सरळ. झूम आपलं स्वतःचं चित्र आपल्याला आरशासारखं दाखवतो, बाकीच्यांना मात्र सरळ जातं. त्यासाठी वही उलटी धरायची किंवा सेटिंग शोधत बसायची गरज नाही. वही दाखवताना कॅमेऱ्याला चिकटवू नका, हातभर लांब धरा आणि दोन सेकंद स्थिर ठेवा, नाहीतर पुसट दिसतं. पेन्सिलने फिकट लिहिलेलं वाचता येत नाही, त्याचा फोटो वर्गानंतर पाठवा.

११. फोन कुठे ठेवायचा? हातात धरून मूल दमतं.

हातात देऊ नका. स्टीलच्या डब्याला टेकवून आडवा ठेवा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, खाली दोन-तीन पुस्तकं घाला. खिडकी मुलाच्या समोर यावी, पाठीमागे आली तर चेहरा काळा दिसतो आणि पालकांना वाटतं कॅमेरा बिघडला. पावसात दिवसाही अंधार असतो तेव्हा समोरच्या बाजूचा दिवा लावा.

मागे भिंत येईल असं बसवा. घरातल्या बाकीच्या माणसांचा वावर दिसायला नको, हे तुमच्यासाठी सांगते आहे. व्हर्च्युअल बॅकग्राउंड लावू नका, साधा फोन त्याने तापतो आणि अडकतो. आणि वर्गाचे स्क्रीनशॉट कुठेही टाकू नका, त्यात दुसऱ्यांचीही मुलं असतात.

१२. लॅपटॉपवर बसवलं तर चालेल का?

चालेल, उलट चांगलंच. लिंक उघडल्यावर ॲप टाकायचं नसेल तर पानावर खाली Join from your browser असतं, तिथून येता येतं. लॅपटॉपचा कॅमेरा काळा असेल तर आधी कॅमेऱ्यावर सरकणारी छोटी पट्टी आहे का बघा, बऱ्याच ऑफिसच्या लॅपटॉपला असते आणि ती लक्षात येत नाही. मग विंडोज ११ मध्ये Settings, Privacy & security, Camera इथे जा, तिथे सगळ्यात खाली Let desktop apps access your camera असतं, ते चालू हवं, कारण झूम त्यातच मोडतं. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर कंपनीने कॅमेरा बंद ठेवलेला असू शकतो, तो तुमच्याकडून उघडणार नाही, मग फोनच वापरा.

१३. डेटा किती जातो? आमचं रोजचं दीड जीबीचं पॅक आहे.

ग्रुपच्या व्हिडिओला झूम साधारण ६०० केबीपीएस ते १ एमबीपीएस वेग मागतो, येणारं आणि जाणारं धरून ४० मिनिटांच्या एका भागाला अंदाजे ३५० ते ५०० एमबी जातात. म्हणजे दोन भाग झाले की जवळजवळ १ जीबी. पॅक कमी असेल तर मुलाचा कॅमेरा हजेरीला आणि वही दाखवताना चालू करा, बाकी वेळ बंद ठेवा, मला चालतं. नुसत्या आवाजाला फार थोडा डेटा लागतो. हजेरी मी आवाजावरही लावते, कॅमेरा नाही म्हणून कोणाची गैरहजेरी लागणार नाही.

१४. मध्येच फोन आला की वर्ग तुटतो. काय करायचं?

फोन उचलला की झूमचा आवाज तुटतो, कॉल संपल्यावर परत आवाज आला नाही तर प्रश्न ८ प्रमाणे आवाज पुन्हा जोडायचा. Do Not Disturb लावून ठेवलं तर उत्तम, पण घरात कोणी आजारी असेल किंवा वडील ड्युटीवर पावसात असतील तर लावू नका, कॉल जास्त महत्त्वाचा.

१५. सरकारने झूम सुरक्षित नाही म्हटलं होतं ना? आणि तुम्ही तिकडून आमचा कॅमेरा चालू करू शकता का?

एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने सूचना काढली होती की सरकारी अधिकाऱ्यांनी कामासाठी झूम वापरू नये, आणि बाकीच्यांनी वापरायचंच असेल तर काय काळजी घ्यायची. त्यात वेटिंग रूम ठेवा, सगळे आले की मीटिंगला कुलूप लावा, स्क्रीन शेअर फक्त घेणाऱ्याकडेच ठेवा असं होतं. आपल्या वर्गात हे तिन्ही चालू आहेत, म्हणूनच उशिरा येणाऱ्याला आत यायला वेळ लागतो. त्यानंतर झूमनेही त्याच वर्षी सुरक्षा वाढवली. तुमच्याकडून एकच, लिंक आणि पासकोड ग्रुपबाहेर पाठवू नका, मामाला किंवा क्लासच्या सरांनासुद्धा.

आणि नाही, मी तुमचा कॅमेरा चालू करू शकत नाही. मी फक्त विनंती पाठवू शकते, तुमच्या फोनवर प्रश्न येतो आणि तुम्ही हो म्हटलं तरच चालू होतो. बंद मात्र मी इथून करू शकते, कोणी मूल कपडे बदलत असेल किंवा काही दिसू नये ते दिसलं तर करतेच.

१६. घरात एकच फोन आणि दोन मुलं, दोघांचे वर्ग एकाच वेळी. मग?

एका फोनवर एका वेळी एकच मीटिंग चालते, त्याला उपाय नाही. दुसऱ्या मुलाच्या बाईंशी बोलून मला सांगा, आम्ही वेळा मागेपुढे करू शकतो. ते जमलं नाही तर मोठ्या मुलाला वर्गात बसवा आणि चौथीतल्याचा अभ्यास मी फोटो काढून पाठवेन, दुपारी पाच मिनिटं साध्या फोनवर त्याच्याकडून पाढे म्हणून घेईन. हे आधी कळवा, सकाळी नऊला नको.

यात नसलेला प्रश्न असेल तर ग्रुपवर लिहा, सोबत फोनचं मॉडेल आणि स्क्रीनवर जे दिसतंय त्याचा फोटो टाका, नुसतं "चालत नाही" असं लिहिलं तर मला काही शोधता येत नाही.

तुमची,
वर्गशिक्षिका, इयत्ता चौथी